मीली टू मूर केलं की आउटपुट एक क्लॉक उशिरा येतं, मग दोन्ही मशीन 'सारखी' कशी काय?

खोडरबर
नमस्कार मंडळी, असाइनमेंटमध्ये १०१ ओळखणारं सर्किट आहे, ओव्हरलॅप चालतो, म्हणजे १०१०१ आलं तर दोनदा १ मिळायला पाहिजे. आधी मीली काढलं, तीन स्टेट्समध्ये झालं. A म्हणजे अजून काहीच हाती नाही, B म्हणजे १ आलाय, C म्हणजे १० आलंय.

```
state   x=0      x=1
A       A / 0    B / 0
B       C / 0    B / 0
C       A / 0    B / 1
```

मग याचं मूर केलं. वर्गात शिकवलेली रीत अशी की प्रत्येक स्टेटमध्ये येणारे बाण बघायचे, सगळ्यांवर एकच आउटपुट असेल तर ती स्टेट तशीच ठेवायची आणि वेगवेगळं असेल तर तिचे तुकडे करायचे. A मध्ये फक्त ० घेऊन बाण येतात, C मध्ये पण फक्त ०, पण B मध्ये A कडून आणि स्वतःकडून ० येतो आणि C कडून १ येतो, म्हणून B चे B0 आणि B1 केले.

```
state   x=0   x=1   z
A       A     B0    0
B0      C     B0    0
B1      C     B0    1
C       A     B1    0
```

इथपर्यंत ठीक. आता दोन्ही एकाच टेस्टबेंचमध्ये घालून z ची तुलना करतोय तर जिथे जिथे १ येतो तिथे मिसमॅच, मूरचा z बरोब्बर एक क्लॉक मागे. सर म्हणतात दोन्ही इक्विव्हॅलंट आहेत, सिम्युलेटर म्हणतो नाहीत. रूपांतर चुकलंय की 'सारखी' या शब्दाचा अर्थच वेगळा आहे?

निवांत
सर आणि सिम्युलेटर यांच्यात मार्क कोण देतं ते बघ आणि त्याचं खरं मान.

टर्बो
यात विचारण्यासारखं काय आहे, मीली फास्ट असतं आणि मूर स्लो असतं, हे पहिल्याच लेक्चरला सांगतात. मीलीत स्टेट्स पण कमी. मूरचा फायदा एकच, त्यात ग्लिच येत नाही. बाकी कुठेही मीलीच वापर, सर्किट जास्त क्लॉकवर पळेल.

जुना_सोल्डर
टर्बो, चार वाक्यांत तीन अर्धवट गोष्टी. चहा पिऊन येतो, मग बोलू.

घड्याळजी
खोडरबर, तुझं रूपांतर बरोबर आहे, दोन्ही टेबल तपासली. गोची कुठे आहे ते एका ओळीच्या उदाहरणावर बघ. इनपुट घे 1 0 1 0 1 1.

```
x      :    1 0 1 0 1 1
Mealy z:    0 0 1 0 1 0
Moore z:  0 0 0 1 0 1 0
```

मीलीत बाणावर आउटपुट असतं, सहा इनपुट म्हणजे सहा बाण, म्हणून सहा उत्तरं. मूरमध्ये आउटपुट स्टेटला चिकटलेलं असतं आणि सहा बाण चालताना सुरुवातीची धरून सात स्टेट्स लागतात, म्हणून सात उत्तरं. ते डावीकडचं जादा ० आहे ना, ते A मध्ये नुसतं उभं राहिल्याचं उत्तर आहे, तेव्हा अजून एकही इनपुट खाल्लेलं नाही. कागदावर आपण म्हणतो की ते पहिलं ० सोडून द्या, उरलेली ओळ तंतोतंत सारखी आहे, म्हणून मशीन्स इक्विव्हॅलंट. सरांचं म्हणणं या अर्थाने खरं आहे.

सर्किटमध्ये मात्र ते पहिलं ० सोडून देता येत नाही, कारण पहिल्या क्लॉकची जागा ते अडवून बसलेलं असतं. पहिल्या क्लॉकमध्ये x वर पहिला १ आहे, मीली त्याच क्लॉकमध्ये त्या १ बद्दल बोलतंय, आणि मूर अजून A मध्येच आहे, ते पहिल्या १ बद्दल बोलणार दुसऱ्या क्लॉकमध्ये. म्हणजे मूरची ओळ वेव्हफॉर्ममध्ये एक घर उजवीकडे सरकते. सिम्युलेटर क्लॉकनुसार जुळवतो, व्याख्या क्रमानुसार जुळवते, दोघंही खोटं बोलत नाहीत.

पायरी_पायरीने
माझा एक प्रश्न. मूर मशीनमध्ये फायनल स्टेट B1 ना? म्हणजे १०१ आल्यावर मशीन ॲक्सेप्ट करून थांबलं पाहिजे, पण इथे B1 मधून पुढे C ला बाण जातोय. हे चालतं का? आमच्या टीओसीच्या पेपरात ॲक्सेप्टिंग स्टेटला दोन वर्तुळं काढली नाहीत तर मार्क कापतात.

घड्याळजी
पायरी_पायरीने, इथे ॲक्सेप्टचा विषय नाही, हे ट्रान्सड्यूसर आहे, प्रत्येक पावलावर काहीतरी बाहेर टाकत राहतं, थांबत नाही. दोन वर्तुळं काढू नकोस. तरी तुझी शंका अगदीच वायफळ नाही, कारण डीएफए हे आउटपुट ० किंवा १ असलेलं मूर मशीनच समजता येतं, दुहेरी वर्तुळ म्हणजे १. फरक एवढाच की डीएफएत आपण फक्त शेवटचं आउटपुट बघतो.

सखी_सर्किट
माझा पण प्रॉब्लेम याच जातीचा वाटतोय म्हणून इथेच विचारते. मी ११ ओळखणारं मीली केलंय, दोनच स्टेट्स, A आणि B, B मध्ये असताना x=1 आला की z=1. लॅबच्या किटवर लावलं, x ला टॉगल स्विच, क्लॉकला पुश बटन (डीबाउन्स केलेलं), z ला एलईडी. स्विच १ वर ठेवला, बटन एकदाच दाबलं, तर एलईडी लगेच लागला!! अजून दुसरा १ दिलाच नाहीये. मग स्विच ० केला तर एलईडी विझला. वायरिंग उलटसुलट करून पाहिलं, आयसी बदलला, तेच. खोडरबरच्या १०१ मध्ये असा खोटा १ येत नाही म्हणे, मग माझ्याच नशिबी का?

निवांत
ताई एलईडी उत्साही आहे.

जुना_सोल्डर
चहा झाला. सखी, तुमचं वायरिंग ठीक आहे, आयसी उगाच बदललात. बटन दाबलं त्या क्षणी मशीन A मधून B मध्ये गेलं. पण स्विच अजून १ वरच आहे. मशीनच्या दृष्टीने आता स्टेट B आणि x=1, म्हणजे दुसरा १ समोर उभा आहे, म्हणून z=1. तुमच्या मनात तो जुना १ आहे जो 'वापरून झाला', मशीनला हे कळायला काही मार्ग नाही, तारेवर १ आहे म्हणजे १ आहे. तुम्ही स्विच ० केला की पुढचा बिट ० झाला, z पण ० झाला.

मीलीचा z हा 'आत्ता जर क्लॉक मारला तर' या प्रश्नाचं उत्तर असतो. म्हणून तो बघायची वेळ ठरलेली आहे, नवा बिट स्विचवर लावून झाल्यानंतर आणि बटन दाबण्याच्या आधी. बटन दाबल्यापासून स्विच बदलेपर्यंत एलईडीकडे बघायचंच नाही. मूर केलंत तर ही भानगड नाही, तिथे एलईडी फक्त बटन दाबल्यावरच बदलेल, स्विच कितीही खालीवर करा.

१०१ मध्ये हा खोटा १ दिसत नाही त्याचं कारण C मध्ये शिरताना x नेहमी ०च असतो (१० मधला ०) आणि z=1 व्हायला x=1 लागतो. क्लॉकनंतर जुना ० तारेवर राहिला तरी उत्तर ०च येतं. ११ मध्ये B मध्ये शिरताना पण १ आणि z साठी पण १, म्हणून शिळा बिट परत मोजल्यासारखा दिसतो. १०१ नशिबाने वाचलंय, मीली म्हणून नाही.

सखी_सर्किट
ओह्ह. म्हणजे मी तो z पुढे काउंटरच्या क्लॉक पिनला जोडणार होते, किती वेळा ११ आलं ते मोजायला...

जुना_सोल्डर
नको नको नको. प्रत्येक खोट्या १ ला काउंटर एक पुढे जाईल. काउंटरला क्लॉक तोच द्या जो मशीनला आहे आणि z त्याच्या एनेबलला द्या. मग काउंटर z कडे फक्त क्लॉकच्या कडेलाच बघतो आणि त्या वेळी z खराच असतो.

खोडरबर
सखी_सर्किटचं वाचून माझा वेव्हफॉर्म परत उघडला. माझ्या टेस्टबेंचमध्ये x निगेटिव्ह एजला बदलतोय, मशीन पॉझिटिव्ह एजवर. मीलीचा z जो १ होतो तो फक्त अर्ध्या क्लॉकचा आहे! मूरचा पूर्ण क्लॉकभर. हे पण त्याच कारणाने का?

घड्याळजी
हो. C मध्ये आल्यावर पहिला अर्धा क्लॉक x जुना ०च आहे, मग निगेटिव्ह एजला x १ झाला, तिथे z उठला, आणि पुढच्या पॉझिटिव्ह एजला स्टेट B झाली की z पडला. म्हणून अर्धा. x जर त्याच क्लॉकवर चालणाऱ्या दुसऱ्या फ्लिपफ्लॉपमधून आला असता, म्हणजे पॉझिटिव्ह एजच्या जरासं नंतर बदलला असता, तर मीलीचा z पण जवळजवळ पूर्ण क्लॉकभर दिसला असता, मूरच्या एक क्लॉक आधी. मीलीच्या पल्सची रुंदी मशीन ठरवत नाही, x किती वाजता येतो त्यावर ठरते.

एक काळजी घे, x ला पॉझिटिव्ह एजवरच ब्लॉकिंग असाइनमेंटने बदलू नकोस. मशीनने जुना x वाचला की नवा, हे त्या सिम्युलेटरने कुठला ब्लॉक आधी चालवला यावर जाईल आणि एका टूलवर पास झालेली टेस्ट दुसऱ्यावर पडेल. निगेटिव्ह एजला बदलतोयस ते सुरक्षित आहे.

टर्बो
जुना_सोल्डर, तीन अर्धवट गोष्टी कुठल्या ते राहिलंच. मीलीत स्टेट्स कमी हे तर समोर दिसतंय, ३ विरुद्ध ४.

जुना_सोल्डर
विसरलो नव्हतो. पहिली, स्टेट्स. मीलीत जास्त लागत नाहीत हे खरं, पण कमीच लागतात असं नाही. बायनरी आकडा डावीकडून एकेक बिट येतोय आणि त्याला ३ ने भागून बाकी सांगायची, हे मशीन मीली करा की मूर, तीनच स्टेट्स. कारण बाकी म्हणजेच स्टेट, प्रत्येक स्टेटमध्ये येणारे सगळे बाण एकच आउटपुट घेऊन येतात, तुकडे करायला काही उरतच नाही. उलट सीरियल ॲडर घ्या, मीलीत दोन स्टेट्स, कॅरी आहे किंवा नाही. मूर करताना दोन्हीत ० आणि १ दोन्ही आउटपुटचे बाण येतात, दोन्ही फुटतात, चार होतात. स्टेट्स गुणिले आउटपुटचे प्रकार ही वरची हद्द, मधे कुठेही थांबू शकतं.

दुसरी, जास्त क्लॉकवर पळेल ही. मीलीचं उत्तर लवकर येतं, पण ते x मधून सरळ गेटमधून बाहेर पडतं. समजा क्लॉक १० नॅनोसेकंदांचा आहे, आधीच्या ब्लॉकमधून x यायलाच ६ लागले, तुमच्या गेटला २, तर पुढच्या ब्लॉकला सेटअप धरून उरले २. पुढचा पण मीली असेल तर त्याचं गेट पण त्याच २ मध्ये बसवा. अशी तीन मशीन माळेत लावली की क्लॉक वाढत नाही, कमी करावा लागतो. मूरमध्ये आउटपुटचा रस्ता फ्लिपफ्लॉपपासून सुरू होतो, मागच्याने किती वेळ खाल्ला याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे क्लॉक मोजायचे तर मीली लवकर, नॅनोसेकंद मोजायचे तर बघावं लागेल.

टर्बो
बरं हे मान्य. पण ग्लिच? मूरमध्ये ग्लिच नसतो हे तर सगळीकडे लिहिलेलं असतं.

जुना_सोल्डर
तिसरी तीच. खोडरबरच्या मूरला कोड द्या, A=00, B0=01, C=10, B1=11. z म्हणजे दोन्ही बिटांचा अँड. आता B0 मधून C ला जाताना 01 चं 10 होतं, दोन्ही बिट एकदम बदलतात, पण एकदम म्हणजे एकाच पिकोसेकंदाला नाही. डावा बिट आधी उठला तर क्षणभर 11 दिसतं आणि अँडमधून सुई बाहेर. B0 मध्ये असताना ० आला की प्रत्येक वेळी ही शक्यता आहे. x वळवळला म्हणून मूर हलत नाही एवढंच खरं, स्टेट बदलताना मात्र हलू शकतं.

सखी_सर्किट
मग ग्रे कोड द्यायचा ना, एका वेळी एकच बिट बदलेल असा.

घड्याळजी
सखी, हे करून बघण्यासारखं आहे. दोन बिटांत जमत नाही आणि का जमत नाही ते छान आहे. B1 ला कुठलाही कोड द्या, समजा 11. त्याचे शेजारी 01 आणि 10, हे दोन्ही A, B0, C पैकी कुणाला तरी जाणारच, कारण चार स्टेट्स आणि चारच कोड. आणि या तिघांत A कडून B0, B0 कडून C, C कडून A असा त्रिकोण आहे, म्हणजे कुठलीही जोडी उचला, त्यांच्यात एक बाण सापडतोच. तो बाण 01 आणि 10 च्या मधे येणार, म्हणजे वाटेत 11 दिसण्याचा धोका आलाच. B1 चा कोड बदलून फक्त धोक्याचा बाण बदलतो.

तिसरा बिट घेतला की सुटतो प्रश्न. z साठीच एक फ्लिपफ्लॉप राखून ठेवा, B1 मध्ये तो १, बाकी तिघांत ०, आणि उरलेले दोन बिट त्या तिघांना वेगळं ओळखायला. z सरळ फ्लिपफ्लॉपच्या पायावरून आला, मधे गेटच नाही, सुई यायला जागाच नाही.

खोडरबर
थांबा थांबा. तीन फ्लिपफ्लॉप, त्यातला एक z चा. मी काल चिडून मीलीच्याच z ला एक फ्लिपफ्लॉप लावून बघितला होता, की बघू मूरशी जुळतं का. असं,

```verilog
always @(posedge clk)
  if (rst) z_r <= 1'b0;
  else     z_r <= (state == C) & x;
```

आणि ते मूरशी क्लॉक टू क्लॉक जुळलं. एकही मिसमॅच नाही. तेव्हा वाटलं योगायोग. पण यात पण तीनच फ्लिपफ्लॉप आहेत, स्टेटचे दोन आणि z चा एक. हे आणि घड्याळजींचं तीन बिटांचं मूर एकच आहे का??

घड्याळजी
एकच आहे. तुझ्या तुकडे करण्याच्या रीतीकडे परत बघ. B चे दोन तुकडे कशावरून केलेस? 'B मध्ये आलो आणि येताना ० बोललो' आणि 'B मध्ये आलो आणि येताना १ बोललो'. म्हणजे मूरची स्टेट म्हणजे मीलीची स्टेट आणि शेवटचं आउटपुट यांची जोडी. z_r मध्ये तू नेमकं ते शेवटचं आउटपुटच साठवतोयस. (B, 0) म्हणजे B0, (B, 1) म्हणजे B1. (A, 1) आणि (C, 1) या जोड्या कधी येतच नाहीत, म्हणून टेबलात सहाऐवजी चारच ओळी. मीलीला मूर करणं आणि मीलीच्या आउटपुटला रजिस्टर लावणं, काम एकच, एक कागदावर आणि एक तारेवर. आणि एक क्लॉक कुठे गेला याचं उत्तर पण तिथेच आहे, त्या रजिस्टरमध्ये.

निवांत
हे आधी सांगितलं असतं तर धागा तीन प्रतिसादांत संपला असता. मग मी काय वाचलं असतं.

पायरी_पायरीने
म्हणजे पेपरात 'मीलीचं मूर करा' आलं की एक डी फ्लिपफ्लॉप काढून मोकळं व्हायचं का 😀

जुना_सोल्डर
काढ आणि निकाल इथे कळव.

खोडरबर
आता उलट पण करून बघतोय, मूर टू मीली. प्रत्येक बाण ज्या स्टेटमध्ये जातो तिचं z त्या बाणावर लिहायचं. केलं, चार ओळी आल्या,

```
state   x=0      x=1
A       A / 0    B0 / 0
B0      C / 0    B0 / 0
B1      C / 0    B0 / 0
C       A / 0    B1 / 1
```

B0 आणि B1 च्या ओळी हुबेहूब सारख्या. एकत्र केल्या की माझं मूळचं तीन स्टेट्सचं मीली परत. छान वाटलं. पण मित्राने बाणावर जिथून निघतो त्या स्टेटचं z लिहिलंय, त्याचं पण चालतंय आणि त्याचं मूरशी टेस्टबेंचमध्ये जुळतंय पण! माझं जुळत नाही, एक क्लॉक आधी येतं. बरोबर कोण?

टर्बो
जुळतंय ते बरोबर. सिंपल.

घड्याळजी
मित्राचं मशीन नावाला मीली आहे. निघणाऱ्या स्टेटचं z बाणावर लिहिलं म्हणजे त्या स्टेटमधून निघणाऱ्या ० आणि १ दोन्ही बाणांवर एकच आउटपुट, x चा काही परिणाम नाही, म्हणजे मूरच राहिलं, फक्त आकडा गोलातून बाणावर आणला. म्हणून वेळ पण तीच. त्यात B0 आणि B1 एकत्र होत नाहीत, कारण B1 च्या बाणांवर १ आहे आणि B0 च्या बाणांवर ०. तुझ्या पद्धतीत पहिलं उत्तर गळतं आणि बाकी सगळी एक क्लॉक पुढे येतात. सर्किट बदलायचं पण वेळ बदलायची नाही असं असेल तर मित्राची, स्टेट्स कमी करून उत्तर लवकर हवं असेल तर तुझी.

जुना_सोल्डर
इथे मी जरा वेगळा आहे. परीक्षेत मूर टू मीली म्हटलं की जाणाऱ्या स्टेटचंच आउटपुट अपेक्षित असतं, मित्राच्या उत्तराला अर्धे मार्क पण मिळणार नाहीत. आणि तत्त्वाने बघितलं तरी मूरचं पहिलं उत्तर इनपुटशिवायचं आहे, मीलीला ते म्हणायची सोयच नाही, म्हणून ते सोडणंच रास्त.

घड्याळजी
पेपरापुरतं मान्य. पण पहिलं उत्तर सोडणं नेहमी रास्त हे मला पटत नाही. रिसेटनंतरचं पहिलं आउटपुट एखाद्या मोटरच्या ब्रेकचं असेल, तर ते 'मोजू नका' असं कुणाला सांगणार? तिथे ते पहिलं ० हेच सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे.

जुना_सोल्डर
ब्रेक मीलीवर ठेवणारा माणूस दाखवा, मग बोलू.

सखी_सर्किट
यावरून एक विचारायचं होतं. माझ्या ११ च्या मशीनचं मूर करायला घेतलं. सुरुवातीची स्टेट A, तिच्यात सगळे ० चेच बाण, म्हणून सोपं गेलं. पण समजा सुरुवातीच्याच स्टेटचे दोन तुकडे झाले तर सुरुवात कुठल्या तुकड्यापासून करायची?

घड्याळजी
कुठल्याही. दोन्ही तुकड्यांमधून पुढे जाणारे बाण सारखेच असतात, फरक फक्त त्या पहिल्या, इनपुट न खाता दिलेल्या उत्तरात पडतो. सर्किटमध्ये निवडताना रिसेटला z काय असलेलं चालेल ते बघा, बहुतेक वेळा ०. खोडरबरच्या कोडमध्ये रिसेटला z_r ० केलाय म्हणून ते B0 सारख्या बाजूला पडतं, तिथे १ लिहिला असता तर रिसेटनंतर एक फुकटचा १ दिसला असता आणि नंतर सगळं सुरळीत.

खोडरबर
टेस्टबेंचचं असं केलं, मीलीचा z पॉझिटिव्ह एजच्या जरा आधी पकडून एक क्लॉक साठवून ठेवला आणि मग मूरशी जुळवला, रिसेटचा क्लॉक सोडून. सगळं हिरवं. रिपोर्टमध्ये दोन्ही वेव्हफॉर्म शेजारी लावून एक क्लॉकचा बाण काढतोय. सरांना 'क्रमाने सारखी, क्लॉकने नाही' असं लिहिलं तर चालेल ना?

जुना_सोल्डर
चालेल. मूरचं ते सातवं उत्तर पण चित्रात येऊ दे, म्हणजे इनपुट संपल्यावर एक क्लॉक जास्त चालव. बरेच जण तिथेच थांबतात आणि इनपुट १०१ वर संपलं असेल तर मूरचा शेवटचा १ दिसतच नाही, मग म्हणतात मशीन एक चुकलं.

मधला_मार्ग
उशिरा आलो, सगळं वाचलं. आमच्याकडे याचाच पुढचा अंक चालू आहे. दोन ब्लॉक एकमेकांशी बोलतात, एक म्हणतो डेटा तयार आहे, दुसरा म्हणतो घेऊ शकतो. दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेत आणि दोघांनी मीली लिहिलंय. ह्याचा 'तयार' त्याच्या 'घेऊ शकतो' वर अवलंबून आणि त्याचा ह्याच्यावर, दोन्ही त्याच क्लॉकमध्ये. वेगवेगळे टेस्ट केले तेव्हा दोन्ही पास. जोडले तर सिम्युलेशन एका वेळेला जाऊन अडकतं, वेळ पुढे सरकतच नाही, आणि सिंथेसिसला कॉम्बिनेशनल लूपची वॉर्निंग.

घड्याळजी
अडकणारच, स्टेट मधे न येता सिग्नल गोल फिरतोय. म्हणूनच एएक्सआयसारख्या बसच्या नियमातच लिहिलंय की इनपुटपासून आउटपुटपर्यंत सरळ कॉम्बिनेशनल रस्ता नसावा, आणि 'तयार' सांगणाऱ्याने समोरच्याच्या 'घेऊ शकतो'ची वाट बघू नये. दोघांपैकी एकाचं मूर करा, लूप तुटेल.

मधला_मार्ग
ते कळलं हो, पण कुणाचं? ज्याचं मूर होईल त्याचं उत्तर एक क्लॉक उशिरा जाणार. 'घेऊ शकतो' उशिरा गेला तर बफर भरल्यावर पण एक शब्द येऊन पडतो.

जुना_सोल्डर
'तयार' वाल्याला बदलायला सांगा, त्याने समोरच्याकडे बघायची मुळात गरजच नाही, स्वतःकडे डेटा आहे की नाही एवढंच त्याला माहीत असलं म्हणजे झालं. आणि 'घेऊ शकतो' पण रजिस्टरमधून काढायचा असेल तर घेणाऱ्याकडे एक शब्द जादा ठेवायची जागा लागते, तो आधीच निघालेला शब्द पडायला.

मधला_मार्ग
जादा जागेचं सांगितलं तर तो म्हणतो ३२ बिटांचं रजिस्टर माझ्या ब्लॉकमध्ये का, दुसऱ्याच्या एका ओळीसाठी. आणि 'तयार' वाल्याचं म्हणणं की तो समोर बघतो कारण त्याला मधेच डेटा बदलायची मुभा हवीये.

घड्याळजी
'तयार' म्हटल्यावर डेटा बदलायचा नाही, घेतला जाईपर्यंत तसाच धरून ठेवायचा, हा पण त्याच नियमांतला आहे. तो तिथेच अडेल. आधी त्याला तेवढं मान्य आहे का विचारा, रजिस्टरचं नंतर बघू.